तेलाचा आवाज ऐकणारी आजी: हा प्रसंग खरा वाटतोय का?

मोगरी_गिरगाव | रात्री १०:१२

मुलांसाठी एक दीर्घकथा लिहिते आहे. काळ १९७८, जागा गिरगावातली चाळ, दुसरा मजला, दिवाळीच्या आधीचा आठवडा. आजीला मोतीबिंदू आहे. डोळ्यांवर फारसा भरवसा उरलेला नाही, म्हणून तेल तापलं की नाही हे ती कानाने ओळखते. आठ वर्षांच्या मिनीला पहिली चकली कधी एकदा सोडते असं झालंय. प्रसंग खाली देते. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाने हे वाचून ‘असं नसतं गं’ म्हणू नये, एवढीच माझी इच्छा. खटकेल ते मोकळेपणी सांगा.

*आजीने प्रायमसला पंप मारला. ज्योत निळी झाली आणि घरघर खोलीभर पसरली. ओल्या फडक्याने पुसलेली लोखंडी कढई तिने वर ठेवली, बरणीतलं शेंगदाण्याचं तेल ओतलं आणि पाटावर बसली.*

*‘सोडू?’ मिनीने सोऱ्या पोटाशी धरला होता.*

*‘थांब. तेल अजून गप्प आहे.’*

*मिनी थांबली. म्हणजे एकदा उजव्या पायावर थांबली, एकदा डाव्या. मग कढईतून बारीक तडतड ऐकू आली. आजीने मान कलती केली, डोळे मिटले.*

*‘ऐकलंस? आता तेल बोलायला लागलं. आता सोड.’*

---

कढईवाली | रात्री १०:५०

मोगरी, आजी छान उतरली आहे. मान कलती करणं तर अगदी खरं, माझी सासू तशीच करायची. पण शेवटचं वाक्य उलटं झालंय. ही आजी चकल्या बिघडवणार.

तेल स्वतः बोलत नाही. निव्वळ तेल कितीही तापवा, ते गप्पच असतं. तुझ्या प्रसंगात जी तडतड आहे ती पाण्याची. कढई ओल्या फडक्याने पुसली असं तूच लिहिलं आहेस. तो ओलावा तेलाखाली अडकतो, तळ तापला की त्याची वाफ होते आणि ती वर फुटते. म्हणजे तडतड सुरू झाली तेव्हा तेल जेमतेम पाणी उकळण्याइतकं तापलंय, शंभराच्या थोडं पुढे. चकलीला त्याहून कितीतरी जास्त लागतं. त्या तेलात चकली सोडलीस तर ती तळाशी बसेल, तेल पीत राहील आणि कडेने विरघळायला लागेल.

खरी आजी उलट सांगेल. ‘तडतडू दे, मग गप्प होऊ दे. गप्प झालं की मग आपलं थांबणं सुरू.’

मी लालबागला बावीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी करते. नवीन मुलगी कामाला आली की पहिली चूक हमखास हीच होते.

---

मोगरी_गिरगाव | रात्री ११:०५

‘गप्प झालं की मग आपलं थांबणं सुरू’ हे वाचून मी लिहायचं सोडून नुसती बसले. पण मग आजी ऐकते काय? तेल गप्प, आजीला दिसत नाही, तर कळतं कसं?

---

पार्ल्याचा_बंड्या | रात्री ११:२०

आवाजाचं इतकं कशाला? आमच्याकडे सरळ हिशोब आहे, धूर दिसला की तेल तयार. आई, मावशी, सगळ्या हेच करायच्या. आणि तेल गप्प असतं हेही पूर्ण खरं नाही. रिकाम्या कोरड्या कढईत तेल ठेवा, टक् टक् ऐकू येतं.

---

कढईवाली | रात्री ११:४१

बंड्या, टक् टक् येतं हे बरोबर, पण ती कढई. लोखंड तापून पसरतं त्याचा आवाज. एकदा टक्, मग बराच वेळ काही नाही, पुन्हा टक्. चुर्र लागत नाही त्यात.

धुराचं म्हणशील तर मोहरीच्या तेलाला ते चालतं. आधी धूर येईपर्यंत तापवायचं म्हणजे उग्रपणा जातो, मग आच कमी करून, थोडं निवलं की तळायचं. कदाचित तुमच्या घरी कुणाच्या हाताला ती सवय असेल. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाला धूर लवकर येतो आणि तेवढं तापवलं की तेल कडवट होतं. रिफाइंडचं याच्या उलट. ते तळण्याची वेळ टळून गेली तरी धुराचं नाव नाही, आणि धूर दिसेपर्यंत थांबलात तर चकली बाहेरून काळी आणि आत मऊ. धूर तेलाच्या जातीबद्दल सांगतो. चकलीबद्दल नाही.

मोगरी, तुझं उत्तर. आजी तेल ऐकत नाही, ती पिठाची चिमूट ऐकते. चकलीच्या उकडीचा हरभऱ्याएवढा गोळा कडेने तेलात सोडायचा. वरून टाकायचा नाही, कडेवरून घसरू द्यायचा.

तेल थंड असेल तर गोळा तळाशी जाऊन बसतो आणि मधूनच एखादा मोठा बुडबुडा येतो. आवाज म्हणशील तर बुळुक, मग काही नाही, मग बुळुक. बरोबर तापलं असेल तर गोळा खाली जातो न जातो तोच वर येतो आणि चुर्र लागते, बारीक, एकसारखी, मध्ये खंड नाही. फार तापलं असेल तर गोळा बुडतच नाही. चर्रर्र असा खरखरीत आवाज होतो आणि पाच-सहा श्वासांत गोळा तांबडा होतो.

दोन वर्षांपूर्वी मुलाने थर्मामीटर आणून दिला. माझ्या कानाला चुर्र बरी वाटली त्या वेळी काटा बहुतेकदा १७० ते १८० च्या मध्ये होता. शंकरपाळ्यांना मी याच्या आधीच सोडते, पुऱ्यांना याच्या नंतर. म्हणून ‘तेल तापलं का’ हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी तापलं?

---

आंतरपाट | सकाळी ७:३०

रुइयाच्या रस्त्यावर क्लास घेतो, फिजिक्स शिकवतो, म्हणून राहवलं नाही. कढईवालींनी जे सांगितलं त्यामागची गोष्ट थोडक्यात. गोळ्यातलं पाणी शंभर अंशाला वाफ होणार, ते ठरलेलं. बाकी सगळा फरक भोवतालच्या तेलाचा. तेल कोमट असेल तर उष्णता सावकाश आत जाते, वाफ थोडी थोडी साचते आणि मोठा बुडबुडा सुटतो. तेल चांगलं तापलेलं असेल तर गोळ्याच्या अंगभर एकदम वाफ सुटते, बुडबुडे लहान आणि असंख्य. एकेक बुडबुडा वेगळा ऐकूच येत नाही, सगळ्यांची मिळून चुर्र होते. आजीचा कान खरं तर बुडबुडे मोजतोय.

जपानी स्वयंपाकात ओली चॉपस्टिक तेलात बुडवून हाच अंदाज घेतात. यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात निबंधही छापला. पाण्याचा थेंब गरम तेलात कसा फुटतो, त्यातून कोणत्या आकाराचे फुगे होतात आणि प्रत्येकाचा आवाज कसा वेगळा असतो, हे त्यांनी वेगवान कॅमेऱ्याने आणि माइकने पकडलं.

एक विनंती. गोष्टीत कुणीही बोटं पाण्यात बुडवून तेलावर शिंपडू नये. बऱ्याच घरांत तशी परीक्षा करतात. पाणी तेलाहून जड, ते खाली जातं, आणि त्याची वाफ झाली की जागा सोळाशे पटींहून जास्त लागते. वरचं तेल जाणार कुठे? आठ वर्षांच्या मुलीचा चेहरा नेमका कढईच्या उंचीला असतो.

---

सुगरण_होतेय | सकाळी ९:०२

धागा शोधत होते तोच मिळाला!! माझ्या चकल्या तेलात विरघळतात हो, गेल्या वर्षी दोन घाणे अक्षरशः गाळून काढले. भाजणी तयार विकतची होती. दोन वाट्या भाजणी, दीड वाटी पाणी, आणि खुसखुशीत व्हाव्यात म्हणून अर्धी वाटी तेलाचं मोहन. भाजणीत काही भेसळ असेल का?

---

कढईवाली | सकाळी ९:४०

अगं, इथे गोष्टीबद्दल चाललंय, पण तुझ्या चकल्या वाचवायला हव्यातच. भाजणीला बोल लावू नकोस. दोन वाट्यांना अर्धी वाटी मोहन म्हणजे फारच झालं, दोन मोठे चमचे पुरे. मोहन जास्त झालं की पीठ एकमेकांना धरत नाही आणि चकली तेलात सुटते. पाणी साधारण भाजणीइतकंच घे. उकळून त्यात मोहन, तिखट, मीठ, तीळ, मग भाजणी घालून झाकून ठेव. कोमट असतानाच मळ, पाच-सात मिनिटं, कंटाळा न करता. एकच चकली पाडून आधी तळून बघ. ती विरघळली तर उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळता येते. सगळ्या पाडून ठेवल्यास तर काही करता येत नाही.

आणि तुझं तेल तापलेलं होतं का? त्या वेळी आवाज कसा येत होता, आठवतंय?

---

सुगरण_होतेय | सकाळी ९:५५

आवाज आठवत नाही. फेस मात्र खूप आला होता, कढईभर.

---

खोताचीवाडी_शेजार | दुपारी १:१५

माझं म्हणणं वेगळ्याच गोष्टीवर. मी त्याच सुमारास गिरगावात वाढलो. प्रायमस पेटला की त्या खोलीत शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. भर्रर्र! त्या आवाजात हरभऱ्याएवढ्या गोळ्याची चुर्र? शक्यच नाही. कढईवाली गॅसवर तळतात, गॅस जवळजवळ मुका असतो.

आजीला वातीचा स्टोव्ह द्या. तो आवाज करत नाही. रॉकेलचा वास येतो, काजळी धरते, आच मंद असते. कढईभर तेल तापायला त्यावर वेळ लागायचा आणि आम्ही पोरं दाराच्या उंबऱ्यावर बसून राहायचो. तुमच्या गोष्टीला तोच वेळ हवा आहे ना?

अजून एक. चकल्या दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला करा. सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी चाळीत बादल्यांचा आणि माणसांचा कल्लोळ असतो, संध्याकाळी पोरं. दुपारी गॅलरी शांत. चर्नी रोडची गाडी तेवढी ऐकू येते.

---

मोगरी_गिरगाव | दुपारी २:००

प्रायमस मी निळ्या ज्योतीच्या मोहाने घातला होता. काढते. वातीचा स्टोव्ह आणि दुपार, दोन्ही घेते.

---

श्रवण_ठाणे | दुपारी ४:३५

मी कान तपासायचं काम करते. सकाळपासून वाचते आहे आणि एक शंका मनातून जात नाही. वय वाढतं तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, दाराची कडी ऐकू येते, पण सुईसारखी चुर्र निसटते. मोतीबिंदू झालेली आजी सत्तरीची असेल तर तिला थंड तेलाचं बुळुक ऐकू येईल, आणि नेमकी हवी असलेली चुर्र पुसट होईल. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका सांगतात की हल्ली कुकरची शिट्टी कळते पण फोडणीचा अंदाज येत नाही.

म्हणून सुचवते. आजी मिनीलाच विचारू दे, ‘काय ऐकू येतंय?’ कान मिनीचे, अर्थ आजीचा.

---

कढईवाली | संध्याकाळी ५:१०

श्रवण, तुम्ही जाणकार आहात, पण हे मला पटत नाही. माझी सासू शहात्तराव्या वर्षी बाहेरच्या खोलीतून ओरडायची, ‘आच कमी कर, करपवतेस.’ तिला टीव्ही ऐकू यायचा नाही.

---

श्रवण_ठाणे | संध्याकाळी ५:२५

फार तापलेल्या तेलाचा आवाज मोठा आणि खरखरीत असतो, असं तुम्हीच वर लिहिलंय. तो त्यांना ऐकू येत असेल. शिवाय करपायच्या आधीचा वास. पन्नास वर्षं तळणारी बाई नुसत्या कानाने काम करत नाही.

---

कढईवाली | संध्याकाळी ६:०२

वासाचं असेल. पण ती मान कलती करायची हे मी पाहिलंय.

असो, मोगरीला मला आणखी एक गोष्ट द्यायची आहे, ती राहून जाईल. तुझ्या प्रसंगात एकदाच थांबणं आहे. खरं अवघड थांबणं दुसऱ्या घाण्याला असतं. पहिल्या वेळी सगळेच धीर धरतात, नवलाई असते. पहिला घाणा उत्तम निघतो, हुरूप येतो, आणि हात लगेच दुसरा घाणा सोडतो. मी एकदा मोजलं होतं. लिटरभर तेल, १७५ वर काटा, पाच चकल्या सोडल्या तर काटा १५० च्याही खाली गेला. चकल्यांतलं पाणी उडवायला तेलाची सगळी ऊब खर्च होते. पहिला घाणा निघाल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच न करता उभं राहावं लागतं, वातीच्या स्टोव्हवर त्याहून जास्त. पुन्हा गोळा, पुन्हा ऐकायचं.

आणि काढायचं कधी, तेही आवाज सांगतो. सोडल्यावर मोठा कल्लोळ, मग बुडबुडे विरळ होतात, आवाज बारीक होत जातो. आतलं पाणी संपत आलं की चकली जवळजवळ गप्प होते, तेव्हा काढायची. आवाज चालू असताना काढलेली चकली त्या दिवशी कुरकुरीत लागते आणि दुसऱ्या दिवशी वातड होते.

---

पार्ल्याचा_बंड्या | संध्याकाळी ६:३०

आईला फोन केला. ती म्हणाली, धूर फक्त रिकामी कढई तापवताना बघायची, तेलाला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून जे पाहिलं ते अर्धवट होतं. आणि ती पिठाचा गोळा टाकायची, तो मी खायचो, हे आता आठवलं.

---

मोगरी_गिरगाव | रात्री ११:४८

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा खर्डा देते. श्रवण, तुमची सूचना अर्धी घेतली आहे. आजीचं वय ठरवलेलं नाही, मुद्दाम.

*दुपारी अडीचला चाळ निजली होती. आजीने वातीचा स्टोव्ह पेटवला, वाती एकसारख्या केल्या आणि कढई चढवली. तेल ओतून ती पाटावर बसली. मिनीला तिने उंबऱ्यावर बसवलं. ‘तिथून हलायचं नाही. कान तिथूनही ऐकतात.’*

*बऱ्याच वेळाने कढई तडतडली.*

*‘आजी, तापलं!’*

*‘ते पाणी गं. कढई पुसताना राहिलेलं. जाऊ दे त्याला.’*

*तडतड विरळ झाली. एक थेंब फुटला, मग बराच वेळ काही नाही, मग शेवटचा. कढई गप्प झाली. चर्नी रोडकडून गाडी आली आणि गेली.*

*‘आता?’*

*‘आता थांबायचं.’*

*‘आत्तापर्यंत काय करत होतो मग?’*

*आजीने उत्तर दिलं नाही. हरभऱ्याएवढा गोळा वळून तिने कढईच्या कडेवरून सोडला आणि मान कलती केली. बुळुक. मिनी श्वास धरून राहिली. बुळुक.*

*‘मोठे मोठे बुडबुडे ना?’ आजीने विचारलं.*

*‘हो. एकेकटे.’*

*झाऱ्याने आजीने तो मऊ गोळा काढला आणि बाजूला ठेवला. पुन्हा काहीच नाही. मिनीने फरशीचे चिरे मोजले. दुसरा गोळा गेला. या वेळी मिनीने आजीच्या आधी ऐकलं, कुणीतरी दूर गव्हाचं पोतं ओततंय तसं, न थांबता.*

*आजीची मान अजून कलतीच होती.*

*‘आजी, चुर्र होतंय.’*

*‘एकसारखं?’*

*मिनी आणखी ऐकत राहिली. घाईने हो म्हणावंसं वाटलं, पण म्हणाली नाही. ‘हो. एकसारखं.’*

*पाच चकल्या निघाल्या, तांबूस, काटेरी. मिनीने उडी मारून पुढच्या पाच पाडलेला कागद उचलला आणि आजीपुढे धरला. आजीने तो हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला.*

*‘सोड ना गं!’*

*‘दमलंय तेल.’*

*मिनीने कढईकडे पाहिलं. तेल तसंच होतं, पिवळं, गप्प. ती पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली आणि तिथूनच तिने हात पुढे केला.*

*‘गोळा मी वळू?’*

---

खोताचीवाडी_शेजार | रात्री १२:२०

वाती एकसारख्या केल्या, हे वाचून रॉकेलचा वास आला.

---

श्रवण_ठाणे | सकाळी ८:१०

‘आजीची मान अजून कलतीच होती.’ कळलं मला. पुरेसं आहे.

---

कढईवाली | सकाळी ८:४५

मला नाही कळलं, म्हणजे मी ते वेगळं वाचलं. आजीला ऐकू आलं होतं, ती मिनी बोलायची वाट बघत होती. माझी सासू हेच करायची.

एकच दुरुस्ती. पाडलेल्या चकल्यांचा कागद मांडीवर ठेवू नकोस, मांडीच्या उबेने खालची चकली चिकटते. पाटावर ठेव.